गाडी नेमकी कुठल्या सेगमेंटची, हे टेप लावून ओळखायचं कसं: आल्टोपासून ई-क्लासपर्यंत

माझा भाचा नागपूरला मनीष नगरात राहतो, घरात तो, सूनबाई, एक सहा वर्षांची मुलगी आणि माझी ताई-भाऊजी. जुनी स्विफ्ट काढून मोठी गाडी घ्यायची ठरली तेव्हा त्यानं मला फोन केला, "मामा, एक शोरूमवाला म्हणते ही सी सेगमेंट आहे, दुसरा म्हणते एक्झिक्युटिव्ह आहे, यूट्यूबवर पाहिलं तर तिथं बी सेगमेंट सांगून राहिले, आता नेमकं काय समजायचं?" तीनही जण एकाच गाडीबद्दल बोलत होते, होंडा सिटीबद्दल. आणि खरं सांगू का, तिघंही आपापल्या जागी बरोबर होते. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय, कारण हा घोळ एकदा डोक्यात सुटला की गाडी घेताना लाखभर रुपये चुकीच्या ठिकाणी जायचे वाचतात.

आधी अक्षरं कुठून आली ते पाहून घेऊ. ए, बी, सी, डी, ई, एफ ही युरोपातली वाटणी आहे. ए म्हणजे सगळ्यात छोटी, शहरात फिरवायची सिटी कार (होंडाच्या सिटी या नावाशी याचा काही संबंध नाही, इथंच अर्धे लोक गोंधळतात). बी म्हणजे त्याच्यावरची छोटी, सी म्हणजे मध्यम, डी म्हणजे मोठी फॅमिली कार, ई म्हणजे एक्झिक्युटिव्ह, एफ म्हणजे मर्सिडीजच्या एस-क्लाससारखी लक्झरी. या अक्षरांना कायद्यानं ठरवलेले मिलिमीटर नाहीत. लांबी, किंमत, इंजिन, समोरासमोर कोणाशी स्पर्धा आहे, हे सगळं मिळून गाडी एका खणात पडते.

आपल्याकडे मात्र सियाम या वाहन उत्पादकांच्या संघटनेनं जी जुनी वर्गवारी केली ती सरळ लांबीवर होती. ३४०० मिमीपर्यंत मिनी, ४००० पर्यंत कॉम्पॅक्ट, ४५०० पर्यंत मिड-साइज, ४७०० पर्यंत एक्झिक्युटिव्ह, ५००० पर्यंत प्रीमियम आणि त्यावर लक्झरी. आता सिटीची लांबी आहे ४५८३. म्हणजे आपल्या हिशोबानं ती एक्झिक्युटिव्ह, बाजारात बोलताना लोक तिला सी म्हणतात, आणि युरोपात एक्झिक्युटिव्ह म्हटलं की मर्सिडीजची ई-क्लास आणि बीएमडब्ल्यूची फाइव्ह सीरिज डोळ्यासमोर येते, ज्या सिटीपेक्षा अर्धा मीटर मोठ्या आहेत. एकच शब्द, दोन वेगळ्या गाड्या. त्यामुळे सेल्समननं कुठलं अक्षर सांगितलं यावर जाऊ नका, आपण स्वतः मोजा. मोजायला पाच मीटरची टेप, खडू आणि शोरूममध्ये अर्धा तास, एवढं पुरते.

पहिली पायरी: लांबी बाजूला ठेवा, व्हीलबेस पाहा

व्हीलबेस म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. माणसं बसतात ती या दोन चाकांच्या मधे. चाकांच्या बाहेर जे काही पुढे-मागे लोंबते ते बंपर, बोनेट आणि डिकी.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या ओळखीच्या दोन गाड्यांत आहे. मारुती ८०० ची लांबी ३३३५ मिमी होती आणि नॅनोची ३०९९. म्हणजे नॅनो जवळजवळ पाऊण फूट आखूड. पण व्हीलबेस पाहा, ८०० चा २१७५ आणि नॅनोचा २२३०. आखूड गाडीचा व्हीलबेस जास्त! कारण नॅनोचं इंजिन मागे होतं, चाकं चार कोपऱ्यांत ढकलता आली. ज्यांनी दोन्ही गाड्यांत मागे बसून प्रवास केलाय त्यांना आठवत असेल की नॅनोत गुडघे मोकळे राहायचे आणि ८०० मधे पुढच्या सीटच्या पाठीत रुतायचे. लांबीच्या तक्त्यात दोघीही मिनी, पण आतला अनुभव वेगळा.

आता हाच चष्मा लावून डिझायर पाहा. स्विफ्ट ३८६० मिमी, डिझायर ३९९५, म्हणजे १३५ मिमी मोठी. व्हीलबेस मात्र दोघींचा अगदी एकच, २४५०. म्हणजे स्विफ्टवरून डिझायरवर गेलात तर जे वाढलं ते सगळं मागच्या चाकाच्या मागे वाढलं. डिकी २६५ लिटरची ३८२ लिटर झाली हे खरं, आणि ती जागा कामाची आहे, काटोलहून संत्र्याच्या दोन पेट्या आणि कपड्यांच्या बॅगा एकत्र आणायच्या असतील तर फरक लगेच कळते. पण सेगमेंट बदललं नाही. ती बी सेगमेंटचीच गाडी आहे, डिकी लावलेली. भाच्याला हे सांगितल्यावर तो दोन मिनिटं गप्प होता, कारण त्याच्या डोक्यात "सेडान म्हणजे वरचा वर्ग" हे पक्कं बसलं होतं. सेडान हा आकार आहे, सेगमेंट नाही. ए पासून एफ पर्यंत कुठल्याही मापाची सेडान असू शकते.

हे व्हीलबेसचं माप ब्रोशरमध्ये असतेच, पण मी तरी प्रत्यक्ष टेप लावायला सांगीन. जमिनीवर पुढच्या चाकाच्या मध्याखाली खडूची खूण करा, मागच्या चाकाखाली दुसरी, आणि मधलं अंतर मोजा. चाकं सरळ असली पाहिजे, वळलेली असतील तर माप चुकते. अंदाज असा लागतो: २.४ मीटरच्या आसपास असेल तर सिटी कार किंवा बी ची सुरुवात, २.४५ ते २.६ पर्यंत भरलेला बी, सिटीचा २६०० यातच बसते म्हणून यूट्यूबवाले तिला बी म्हणत होते, २.६ ते २.७ म्हणजे बी आणि सी च्या सीमेवर, २.७ ते २.९ म्हणजे डी, आणि ३ मीटरच्या वर गेलं की तुम्ही मोठ्या एक्झिक्युटिव्हमध्ये आलात. या मर्यादा थोड्या पुढे-मागे सरकतात, दगडावरची रेघ समजू नका.

४ मीटरची रेघ कुठून आली

डिझायर ३९९५, आय-ट्वेंटी ३९९५, अमेझ ३९९५, बलेनो ३९९०. सगळ्या ४००० च्या काठावर येऊन थांबलेल्या. हा योगायोग नाही, हे करामुळे झालं. २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरपेक्षा आखूड आणि छोट्या इंजिनाच्या गाड्यांवर उत्पादन शुल्क कमी केलं. पहिली स्विफ्ट डिझायर २००८ साली आली तेव्हा ती ४१६० मिमी होती, डिकी ४४० लिटरची. २०१२ मधे तिची शेपटी कापून ३९९५ केली आणि डिकी ३१६ लिटरवर आली. २००८ ची इंडिगो सीएस ही या रेघेत बसवलेली पहिली सेडान.

ती रेघ अजून तशीच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल गाडी ४ मीटरच्या आत आणि इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर जीएसटी १८ टक्के, डिझेलला इंजिनाची मर्यादा १५०० सीसी. यातली एकही अट मोडली की सरळ ४० टक्के. दोन्ही अटी एकत्र लागतात हे लक्षात ठेवा. फोक्सवॅगनच्या व्हर्टस सेडानचं छोटं इंजिन ९९९ सीसीचं आहे, म्हणजे इंजिनाच्या अटीत आरामात बसते, पण लांबी ४५६१ असल्यामुळे ती ४० टक्क्यांतच जाते. म्हणून ४ मीटरच्या आतली सेडान आणि त्यावरची सेडान यांच्या किमतीत जो खड्डा दिसते, त्यातला मोठा भाग हा कराचा आहे, त्या पैशाची गाडी तुम्हाला मिळत नाही. वरच्या गाडीत खरं किती जास्त मिळते हे बघायचं असेल तर एक्स-शोरूम किमतीतून कर वजा करून तुलना करा. १८ टक्केवाल्या गाडीची किंमत १.१८ नं भागा, ४० वाली १.४० नं भागा. दहा लाखांची छोटी गाडी साधारण ८.४७ लाखांची निघते आणि चौदा लाखांची मोठी गाडी बरोबर १० लाखांची. साडेपाच-सहा इंच व्हीलबेस, सव्वाशे लिटर डिकी आणि बऱ्या इंजिनासाठी खरा फरक दीड लाखाचा, उरलेले अडीच लाख कराचे. (या दोन्ही किमती हिशोब कळावा म्हणून धरल्यात, डीलरचं मार्जिन यात मोजलं नाही.)

दुसरी पायरी: खांद्याच्या उंचीवर रुंदी

इथं बहुतेक लोक फसतात. ब्रोशरमधली रुंदी ही बाहेरच्या पत्र्याची असते, आरसे सोडून. आतली रुंदी मोजायची तर मागच्या सीटवर बसून एका दरवाज्याच्या आतल्या बाजूपासून दुसऱ्यापर्यंत खांद्याच्या उंचीवर टेप धरा. तीन मोठी माणसं बसायची तर माणशी ४५ सेंटीमीटर धरून १३५ सेंटीमीटर तरी मोकळे पाहिजे, तेही मध्यम अंगाची माणसं असतील तर.

आल्टो के-टेनची बाहेरची रुंदी १४९० मिमी आहे. दरवाज्यांची जाडी काढली की आत काय उरते ते तुम्हीच समजा, म्हणून सिटी कार ही मुळात चार माणसांची गाडी असते, पाचवा बेल्ट असला तरी. वॅगन-आर १६२०, डिझायर १७३५, सिटी १७४८, व्हर्टस १७५२. आता हे शेवटचे तीन आकडे परत पाहा. डिझायरवरून सिटीवर गेलात तर लांबी ५८८ मिमीनं वाढते आणि रुंदी फक्त १३ मिमीनं! अंगठ्याएवढा फरक. म्हणजे मागे तीन जण बसून दाटीवाटी होते ही तक्रार असेल तर सिटी घेऊन ती जाणार नाही. पाय पसरतील, खांदे नाही. खांदे मोकळे करायचे असतील तर स्कोडाच्या ऑक्टाव्हिया किंवा सुपर्बपर्यंत जावं लागते, त्या १८२९ आणि १८६४ मिमी रुंद आहेत.

याचं कारण सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं होते. गाडीचा सांगाडा, ज्याला प्लॅटफॉर्म म्हणतात, त्याला लांबीत ताणणं सोपं आहे, रुंदीत फुगवणं कठीण. रुंदी वाढवली की अॅक्सल, स्टिअरिंग, पुढची क्रॅश रचना, सगळं बदलावं लागते. व्हर्टस ज्या प्लॅटफॉर्मवर आहे त्याचं नाव एमक्यूबी ए-झीरो-इन, आणि ए-झीरो हा फोक्सवॅगनकडे पोलोच्या मापाचा सांगाडा. म्हणजे लांबीनं सी वाटणारी गाडी हाडानं बी आहे, व्हीलबेस २६५१ पर्यंत ताणलेला. मला व्हर्टस चालवायला फार आवडते, गाडीत खोट नाही, पण तिची तुलना ऑक्टाव्हियाशी करायची नसते.

तिसरी पायरी: मागच्या चाकामागून खाली वाकून पाहा

हे शोरूममध्ये कोणी करत नाही, पण मी करतोच. मोबाईलचा टॉर्च लावून मागच्या बंपरखालून पाहायचं. दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी एक जाड आडवी लोखंडी पट्टी दिसली तर तो टॉर्शन बीम. स्विफ्ट, डिझायर, सिटी, व्हर्टस, व्हर्ना, सगळ्यांना हाच असतो. स्वस्त, मजबूत, जागा कमी खाणारा, आपल्या रस्त्यांना चांगला टिकणारा. पण एका चाकाला खड्डा लागला की त्याचा झटका थोडा दुसऱ्या चाकाकडेही जाते. त्याऐवजी प्रत्येक चाकाला तीन-चार वेगवेगळे दांडे जोडलेले दिसले तर ते मल्टी-लिंक. सुपर्ब आणि त्याच्यावरच्या गाड्यांत हे असते. समृद्धीवर १२० नं जाताना पुलाच्या जोडावरून गाडी जाते तेव्हा मागे बसलेल्या माणसाला हा फरक पाठीत कळते.

चौथी पायरी: पुढच्या दरवाज्यापासून पुढच्या चाकापर्यंत किती पत्रा आहे

डी च्या पुढे गेलं की हे एक माप फार बोलते. सुपर्ब ४८६९ मिमी, कॅमरी ४९२०. बीएमडब्ल्यू थ्री सीरिजचं साधं मॉडेल साधारण ४७१० आणि सी-क्लास ४७५१. लांबीत जर्मन गाड्या छोट्या, किमतीत मोठ्या, आणि मागे बसून पाहिलं तर सुपर्बमध्ये जागा जास्त. लोकांना वाटते की हा नुसता ब्रँडचा पैसा आहे. पूर्ण तसं नाही.

बाजूनं उभं राहून पुढच्या दरवाज्याच्या पुढच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर पाहा. सुपर्बमध्ये ते कमी दिसेल, चाक दरवाज्याच्या जवळ. थ्री सीरिज आणि सी-क्लासमध्ये चाक बरंच पुढे ढकललेलं. सुपर्बचं इंजिन आडवं बसवलंय आणि ताकद पुढच्या चाकांना जाते, म्हणून इंजिनाची खोली आखूड आणि उरलेली लांबी माणसांना. ही पद्धत १९५९ च्या मिनीनं लोकप्रिय केली, ३.०५ मीटरच्या गाडीत चार माणसं बसवली ती आडव्या इंजिनामुळेच. थ्री सीरिज आणि सी-क्लासचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं, आणि ताकद मागच्या चाकांना. त्यानं वजनाचा तोल चांगला होते, स्टिअरिंगवर इंजिनाचा ओढ येत नाही, चालवणाऱ्याला मजा येते. मोबदल्यात मागची जागा जाते. म्हणून युरोपात सारख्याच लांबीचे दोन वेगळे वर्ग मानतात, मोठी फॅमिली कार आणि कॉम्पॅक्ट एक्झिक्युटिव्ह. एक माणसांसाठी बनली, एक चालवणाऱ्यासाठी.

आपल्याकडे मात्र या गाड्यांचे मालक मागे बसतात, म्हणून बीएमडब्ल्यूनं थ्री सीरिजचा व्हीलबेस ११० मिमीनं ताणून २९६१ चं लांब मॉडेल इथं आणलं.

उभ्या इंजिनाची दुसरी खूण आत आहे. मागच्या सीटच्या मधोमध पायाखाली हात लावून पाहा, तिथं उंच बोगदा असतो, त्यातून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा जाते. त्या बोगद्यामुळे मधल्या माणसाला पाय ठेवायला जागाच राहत नाही. सिटी-व्हर्टसमध्येही छोटा उंचवटा असतो, पण इथं तो घोट्याच्या वर येते. म्हणजे जेवढी गाडी महाग तेवढी ती पाच माणसांची, असं नाही बरं का. मोठी एक्झिक्युटिव्ह सेडान खऱ्या अर्थानं चार माणसांची गाडी आहे, आणि त्यातही दोन जणांची बडदास्त ठेवणारी.

मोठी एक्झिक्युटिव्ह म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे आता मिळणारी ई-क्लास लांब व्हीलबेसची आहे, ५०९२ मिमी लांब, व्हीलबेस ३०९४. फाइव्ह सीरिजही लांबच, ५१६५ आणि ३१०५. ऑडी ए-सिक्स ४९३९. यांच्यावर एस-क्लास, ५२८९ लांब आणि व्हीलबेस ३२१६, तो एफ. ई आणि एफ मधे व्हीलबेसचा फरक आता फक्त साडेचार-पाच इंचांचा उरलाय, कारण ई ताणली गेली. तरी वर्ग वेगळे राहतात ते आतली शांतता, मागच्या सीटची यंत्रणा आणि किमतीमुळे.

इथं मोजण्यासारखी गोष्ट म्हणजे गाडीचं पोट. व्हीलबेस ३.१ मीटर आणि जमिनीपासून उंची कमी, म्हणजे पुढची चाकं स्पीड ब्रेकर ओलांडून गेली की मधलं पोट त्या उंचवट्यावर येते. आल्टोची दोन चाकं इतकी जवळ असतात की पोट खाली जायच्या आत मागचं चाक वर चढते. कॉलनीतल्या लोकांनी स्वतःच ओतलेले ते उभट ब्रेकर असतात न, त्यावर छोटी गाडी सहज जाते आणि करोडच्या आसपासची गाडी खर्रकन घासते. अशी गाडी घ्यायची असेल तर टेस्ट ड्राइव्ह वर्धा रोडवर नका घेऊ, चार माणसं बसवून आपल्या घरच्या गल्लीत घ्या, ती मागेल तेवढी हळू, तिरपी चढवून पाहा.

सेगमेंट वाढत जातात, म्हणून जुना आकडा लावू नका

१९७४ ची पहिली गोल्फ साधारण ३.७ मीटरची होती आणि तेव्हा ती मध्यम कुटुंबाची गाडी समजायचे. आजची सेलेरिओ ३६९५ मिमी आहे आणि ती आपल्याकडे एंट्रीची गाडी. आजची गोल्फ ४२८० च्या आसपास गेलीय. प्रत्येक पिढीत गाडी थोडी फुगते आणि खाली रिकाम्या झालेल्या जागेत नवीन मॉडेल येते. सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, "सेगमेंट तेच आहे" म्हणून पंधरा वर्षं जुन्या गाडीत आजच्याएवढी जागा मिळेल असं धरू नका, त्या वर्षाच्या मॉडेलचा व्हीलबेस काढून पाहा.

उंचीबद्दल थोडंसं. उंची सेगमेंट ठरवत नाही. वॅगन-आरचा व्हीलबेस २४३५ च आहे पण उंची १६७५, त्यामुळे माणूस खुर्चीसारखा ताठ बसते आणि कमी लांबीत गुडघे मावतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना वॅगन-आरमध्ये चढणं-उतरणं दुप्पट किमतीच्या सेडानपेक्षा सोपं जाते.

भाच्याचा हिशोब

आता प्रत्यक्ष काय केलं ते सांगतो. त्याच्या मनात तीन गाड्या होत्या. नवीन डिझायर, नवीन सिटी आणि एक सेकंडहँड सुपर्ब, जी एका ओळखीच्याकडे चांगल्या स्थितीत होती आणि सिटीच्याच किमतीत मिळत होती. त्याचं मन सुपर्बवर होतं, आणि का नसावं, त्या पैशात दोन सेगमेंट वरची गाडी.

मी म्हटलं, आधी पार्किंग मोजू. रविवारी सकाळी बिल्डिंगखाली गेलो. दोन पिलरच्या मधे रुंदी निघाली २.४० मीटर, आणि मागच्या भिंतीपासून ड्राइव्ह-वेच्या पिवळ्या पट्टीपर्यंत ४.९० मीटर. खडूनं जमिनीवर तीन चौकोन आखले, एकात एक. डिझायरच्या पुढे ९० सेंटीमीटर उरले, सिटीच्या पुढे ३२, आणि सुपर्बचा चौकोन पट्टीच्या ३ सेंटीमीटर आत थांबला. म्हणजे मागचा बंपर भिंतीला टेकवला तरच पुढचा आत. ते शक्य नाही.

रुंदीत अजून स्पष्ट झालं. एका बाजूला पिलरपासून १० सेंटीमीटर सोडून गाडी लावली तर ड्रायव्हरच्या बाजूला डिझायरला ५६, सिटीला ५५ आणि सुपर्बला ४३ सेंटीमीटर उरतात. भाऊजींना म्हटलं, या खुणेच्या आणि पिलरच्या मधून दरवाजा अर्धा उघडाय असं धरून निघून दाखवा. ५५ मधून ते एक हात पिलरला टेकवून निघाले. ४३ मधे त्यांनी प्रयत्नच केला नाही, म्हणाले, "हे आपल्याच्यानं होत नाही." त्यात आरसे मिटवलेले धरले होते, उघडे आरसे दोन्ही बाजूंचे मिळून वीतभर जागा अजून खातात.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका मित्राचं हेच झालं होतं. विकणाऱ्यानं "साहेब, तुमच्या जुन्या गाडीपेक्षा हातभरच मोठी आहे" म्हणून गाडी दिली, आणि तो हातभरच घराच्या गेटला नडला. गेट तोडून बाहेर सरकवावं लागलं.

मग राहिल्या दोन. आता प्रश्न हा की घरात पाच माणसं, सिटीची रुंदी फक्त १३ मिमी जास्त. शोरूममध्ये दोन्ही गाड्यांत मागे ताई, सूनबाई आणि मधे मुलगी अशी बसवली. लहान मूल मधे असेपर्यंत दोन्हीत भागते, मुलगी मोठी झाली की दोन्हीत अडचण होईल, हे भाच्याला स्पष्ट सांगितलं. गुडघ्यांचं असं की आधी ड्रायव्हरची सीट भाच्यानं स्वतःच्या मापानं लावली, तो सहा फुटी आहे, आणि मग त्याच सीटच्या मागे जाऊन बसला. डिझायरमध्ये गुडघा आणि सीटच्या मधे आडवा तळहात कसाबसा गेला, सिटीत बंद मूठ मोकळी फिरली. व्हीलबेसच्या १५० मिमीचा फरक नेमका तिथं दिसला. दुसऱ्या कोणाच्या मापानं लावलेल्या सीटमागे बसून ही तपासणी करू नका, सेल्समन बहुतेक वेळा पुढची सीट आधीच पुढे सरकवून ठेवते.

डिकीसाठी घरूनच दोन मोठ्या बॅगा आणि मुलीची सायकल नेली होती. लिटरचे आकडे मोजायची एक पद्धत अशी की २०० बाय १०० बाय ५० मिमीचे एकेक लिटरचे ठोकळे भरतात, ते कानाकोपऱ्यात घुसतात, बॅग घुसत नाही. सायकल सिटीच्या ५०६ लिटरमध्ये पुढचं चाक काढून गेली, डिझायरमध्ये बॅगांसोबत नाही गेली.

ती मंडळी महिन्यातून दोनदा बाहेरगावी जातात, वर्षातून एकदा पचमढी, शेगाव असतेच, भाचा उंच, भाऊजींना पाय लांब करून बसायचं असते. म्हणून सिटी घेतली, आणि ४० टक्के कर भरतोय हे समजून-उमजून घेतली. पाचही माणसं मोठी असती तर मी त्याला या दोन्हींपैकी एकही घेऊ दिली नसती.

शोरूममध्येच मागच्या चाकाच्या मध्यापासून बंपरच्या टोकापर्यंतचं माप घेऊन ठेवलं होतं. डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी त्या हिशोबानं पार्किंगमध्ये चाक अडवायचे रबरी स्टॉपर फरशीला बोल्टनं बसवले, गाडी रिव्हर्समध्ये टेकली की मागे भिंतीपासून १५ सेंटीमीटर आणि पुढे पिवळ्या पट्टीपासून १७ सेंटीमीटर राहते.